नस काढलेल्या दाढेची कळ

साताऱ्यात मी 34 वर्षे दातांचा दवाखाना चालवला. त्या काळात एक वाक्य माझ्या तोंडून किती वेळा निघाले असेल, याची मोजदाद नाही. रूट कॅनल झालेला रुग्ण आठवड्याभराने गालावर हात ठेवून परत आला, की मी त्याला सांगत असे, ''आता त्या दाढेत नसच उरलेली नाही, तेव्हा दुखायचे कारण नाही. थोडा धीर धरा.'' बहुतेकांचे दुखणे काही दिवसांत थांबे आणि माझे वाक्य खरे ठरे. ते अर्धेच खरे आहे, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण त्याचा उरलेला अर्धा भाग मला माझ्या थोरल्या बहिणीने शिकवला, आणि त्यासाठी तिला पाच महिने सोसावे लागले.

अक्का वाईला असते. ही हकिकत घडली तेव्हा तिचे वय 76 होते. डाव्या बाजूच्या वरच्या दाढा पूर्वीच काढलेल्या, त्यामुळे तिचे सारे चावणे उजवीकडे चाले. आणि त्या बाजूला वरची पहिली मोठी दाढ हाच तिचा आधार होता. तीस-एक वर्षांपूर्वी त्या दाढेत चांदी भरलेली होती. गणपती झाल्यावर ती दाढ गरम चहाने दुखू लागली. आधी घोट घेतल्यावर क्षणभर, मग मिनिट-दोन मिनिटे, आणि पुढे रात्री आडवे झाले की आपोआप. गार पाण्याची चूळ तोंडात धरली की तेवढ्यापुरते बरे वाटे, म्हणून ती उशाशी तांब्या घेऊन झोपत असे.

दात आतून कसा असतो, हे इथे थोडे सांगायला हवे. बाहेरचे पांढरे कवच सर्वांत कठीण, त्याच्या आत पिवळसर हाडासारखा थर आणि अगदी गाभ्यात एक पोकळी. या पोकळीतील मऊ मांसाला दंतमज्जा म्हणतात. आपण व्यवहारात जिला 'नस' म्हणतो ती हीच; तिच्यात मज्जातंतूंबरोबर रक्तवाहिन्याही असतात. ही मज्जा मुळांमधल्या बारीक नळ्यांतून खाली उतरते आणि मुळाच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रातून जबड्याच्या रक्तपुरवठ्याला जोडलेली असते. हाताला जखम झाली तर हात सुजतो, कारण त्याला सुजायला जागा असते. दंतमज्जेला चारी बाजूंनी भिंती असल्याने सूज आली, की दाब वाढतो, रक्त फिरेनासे होते आणि ती तिथेच गुदमरते. गार वस्तूने क्षणभर सणक येऊन थांबत असेल, तर मज्जा अजून सावरू शकते. पण गरम लागल्यावर कळ रेंगाळत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल आणि गार पाण्याने शमत असेल, तर तिचे परतीचे दार बंद झाले असे समजावे. मग दोनच मार्ग उरतात : दाढ काढून टाकणे, किंवा मज्जा काढून दाढ ठेवणे.

अक्का म्हणाली, ''बाळ, ही दाढ गेली तर भाकरी मी गिळायची का?'' म्हणून आम्ही रूट कॅनल करायचे ठरवले.

तिला रक्तदाबाची गोळी आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी ॲस्पिरिनची छोटी गोळी चालू होती. दोन्ही तशाच चालू ठेवल्या. पुष्कळ वृद्ध मंडळी दाताच्या कामाआधी रक्त पातळ करणारी गोळी आपल्याच मनाने बंद करतात. तसे कधी करू नये. रूट कॅनलमध्ये रक्तस्राव फारसा होत नाही, आणि गोळी बंद केल्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा असतो. सकाळची वेळ घ्यावी, नेहमीची न्याहारी आणि औषधे घेऊन यावे आणि मानेखाली छोटी उशी मागून घ्यावी. इतक्या साध्या गोष्टींनी खुर्चीतला तास सुसह्य होतो.

पहिल्या बैठकीत मी गालाच्या बाजूने हिरडीत भूल दिली. मग दाढेभोवती रबराचा पातळ पडदा बसवला. या पडद्याला रुग्ण घाबरतात, पण त्याचे काम मोलाचे आहे : तोंडातली जंतूंनी भरलेली लाळ दाढेत उतरत नाही, आणि दाढेत वापरलेली औषधे व बारीक हत्यारे घशात जात नाहीत. नंतर जुनी चांदी आणि तिच्याखालची कीड काढून दाढेच्या माथ्यावरून आतल्या पोकळीपर्यंत वाट केली.

म्हातारपणी हे काम अवघड होत जाते, त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. दंतमज्जा आयुष्यभर आपल्याभोवती आतून नवा थर घालत राहते. कीड, झीज, जुनी फिलिंग यांपासून स्वतःला वाचवण्याचा तिचा तो प्रयत्न असतो. त्यामुळे विशीत ऐसपैस असलेली पोकळी सत्तरीत सपाट फट होऊन बसते आणि मुळातल्या नळ्या केसासारख्या बारीक होतात. अक्काच्या दाढेत पोकळीच्या जागी मला एक चुनखडीसारखा खडाच सापडला. तो फोडून बाहेर काढल्यावर तळाशी तीन नळ्यांची तोंडे दिसली. वरच्या मोठ्या दाढेला तीन मुळे असतात, दोन गालाकडे आणि एक टाळूकडे. तीन मुळे, तीन नळ्या. माझा हिशेब जुळला.

पुढचे काम नळ्यांची लांबी मोजण्याचे. त्यासाठी ओठाला एक आकडा लावतात, नळीत बारीक तार घालतात आणि यंत्रातून अतिसूक्ष्म विजेचा प्रवाह सोडतात. तारेचे टोक मुळाच्या शेवटाशी पोचले, की यंत्र आवाज करते. अक्काच्या नळ्या 19 ते 21 मिलिमीटरच्या होत्या. साफसफाई मुळाच्या टोकाच्या अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे थांबवायची असते. फार अलीकडे थांबले तर घाण मागे राहते. पलीकडे गेले तर ती हाडात ढकलली जाते.

साफसफाईच्या तारांना 'फाइल' म्हणतात, आणि त्यांचे क्रमांक त्यांच्या टोकाची जाडी सांगतात. दहा नंबरच्या फाइलचे टोक 0.10 मिलिमीटर, पंधराचे 0.15. लहानापासून मोठ्याकडे जात नळी हळूहळू रुंद करायची. पण खरी सफाई फाइल करत नाही, हे रुग्णांना सहसा कोणी सांगत नाही. नळी म्हणजे गोल पाइप नव्हे. तिला खाचा, फाटे, चपटे कोपरे असतात आणि तिच्या भिंतीच्या बऱ्याच भागाला फाइल शिवतही नाही. तिथे पोचते ते औषधी पाणी. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे कपड्यांच्या ब्लीचमध्ये असते तेच रसायन, मेलेले मांस विरघळवते आणि जंतू मारते. पिचकारीने ते पुन्हा पुन्हा आत सोडायचे आणि ओढून घ्यायचे. खुर्चीत पडल्यापडल्या तुम्हाला जलतरण तलावासारखा वास येतो, तो याचाच. हे काम घाईने उरकले तर बाकी सारे व्यर्थ.

त्या दिवशी नळ्यांत कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पांढरी लुकदी भरून मी वर तात्पुरते सिमेंट लावले. आठवड्याने दुसऱ्या बैठकीत ती धुऊन काढली, नळ्या कोरड्या केल्या आणि त्यांत गटापर्चा भरला. गटापर्चा हा आग्नेय आशियातल्या एका झाडाचा चीक. रबराचा चुलतभाऊ म्हणा. त्याच्या गुलाबी काड्या चिकट लेपासह नळीत दाबून बसवतात, म्हणजे जंतूंना राहायला रिकामी जागा उरत नाही. एक्स-रेत तीन पांढऱ्या रेघा मुळांच्या टोकापर्यंत सरळ उतरलेल्या दिसल्या. विद्यार्थ्यांना दाखवावा असा तो एक्स-रे होता, आणि खोटे कशाला सांगू, मी तो दोघा-तिघांना दाखवलाही. तीन आठवड्यांनी कॅप बसवली. कॅप ही चैन नव्हे. मज्जा काढण्यासाठी दाढ आतून कोरलेली असते, आणि आच्छादन नसेल तर चावताना तिचे टवके उडतात किंवा ती उभी चिरते. मागच्या दाढांच्या बाबतीत तर कॅप हा उपचाराचाच भाग मानावा.

आता दुखण्याकडे येतो.

नळ्या भरल्याच्या संध्याकाळी भूल उतरली आणि अक्काची दाढ दुखू लागली. माझ्या भाचेसुनेचा फोन आला, ''मामा, आई म्हणतात दाढेत नस नाही ना, मग दुखतेय काय?'' हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो, म्हणून उत्तर नीट देतो. दाढ हाडात खिळ्यासारखी ठोकलेली नसते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये कागदाच्या जाडीचा, दोऱ्यांसारख्या तंतूंचा एक थर असतो आणि दाढ त्याच्यावर पाळण्यासारखी टांगलेली असते. भातात आलेला बारीक खडा तुम्हाला लगेच समजतो, तो या थरातल्या मज्जातंतूंमुळे. रूट कॅनल दाढेच्या आतली नस काढते. बाहेरच्या या थराला हात लावत नाही. नळीत फाइल फिरवताना मुळाच्या टोकाशी त्याला थोडा धक्का बसतो, कधी कणभर घाण किंवा औषध पलीकडे सरकते आणि तो सुजतो. सुजलेल्या थरावरची दाढ दाबली, की दुखते. मुरगळलेल्या घोट्यावर भार दिल्यासारखेच ते असते.

हे दुखणे पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त असते, मग रोज थोडे उतरते आणि बहुधा आठवड्याभरात नाहीसे होते. त्याला साधी पॅरासिटामॉल पुरते. आयब्रुफेनसारखी सूज उतरवणारी गोळी अधिक परिणामकारक असते खरी, पण मूत्रपिंडाचा त्रास, जठरव्रण, हृदयविकार किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील, तर ती आपल्या वैद्यकीय डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरच्या डब्यातून काढून देऊ नये. आणि नुसत्या दुखण्यासाठी अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. गालावर सूज चढत असेल, ताप असेल, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास होत असेल, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

चौथ्या दिवशी अक्काचे दुखणे उतरायच्या ऐवजी एका विशिष्ट जागी टोचू लागले. दात मिटताना हीच दाढ आधी लागते, असे ती म्हणे. हेही नेहमीचे कारण आहे. वरचे सिमेंट किंवा कॅप केसभर उंच राहिली, तर प्रत्येक घासाचा भार त्या एकाच दाढेवर पडतो आणि सुजलेला थर बरा होऊच शकत नाही. निळा कागद चावायला देऊन उंचवटा शोधला आणि घासून काढला. दोन दिवसांत ते दुखणे गेले. वाचकहो, 'दाढ उंच लागते' असे तुम्हाला वाटत असेल, तर 'सवय होईल' या उत्तरावर समाधान मानू नका. तो पाच मिनिटांचा इलाज असतो.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पंधरा दिवसांनी अक्काचा फोन आला, ''अरे, चहा प्यायले की दाढ अजून धरते.''

मी म्हणालो, ''दुसरी एखादी असेल. त्या दाढेला गरम-गार समजणारच नाही.''

महिन्याने तिने पुन्हा तेच सांगितले. मी वाईला गेलो, एक्स-रे काढला. तीन रेघा जागच्या जागी, मुळांच्या टोकाशी कुठे काळा डाग नाही. दाढेवर हत्याराच्या दांड्याने ठोकून पाहिले, किंचित दुखले. हिरडीत सळई घालून पाहिली. कुठे खोल खळगा नव्हता, म्हणजे मूळ चिरल्याची खूण नव्हती. मी तिला सांगितले, की या वयात दुखण्याची आठवण मागे राहते. आज हे लिहिताना त्या वाक्याची लाज वाटते. अक्का वाद घालणारी नव्हे. तिने चहा कोमट करून पिणे सुरू केले, भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागली आणि मला फोन करणे थांबवले. मी समजलो, बरे वाटले असेल.

पाचव्या महिन्यात भाचेसून स्वतः माझ्याकडे आली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेची पाने तिने गुंडाळून आणली होती. रोजच्या चौकोनात तिने बारीक अक्षरांत नोंदी केल्या होत्या : कशाने दुखले, किती वेळ, रात्री जाग आली का, गोळी घेतली का. ''मामा, मला दातांतले कळत नाही,'' ती म्हणाली, ''पण गार कशानेही दुखल्याची नोंद एकदाही नाही. गरमाने मात्र प्रत्येक वेळी. आणि थांबायला दीड-दोन मिनिटे लागतात.'' अक्काने तोवर दाढ काढून टाक असा निरोप पाठवला होता, आणि मीही मनातून त्या निर्णयाशी आलो होतो.

ती पाने वाचताना मला जे पाच महिन्यांपूर्वी कळायला हवे होते ते कळले. दाढेच्या बाहेरचा थर दाब ओळखतो, गरम-गार ओळखत नाही. तापमान ओळखते ती फक्त दंतमज्जा. तेव्हा चहाने कळ येत असेल, तर कुठे तरी जिवंत मज्जा आहे : एक तर शेजारच्या दाढेत, किंवा मी साफ केली असे समजत होतो त्याच दाढेत. 'नस नाही, म्हणून दुखत नाही' असा माझा युक्तिवाद होता. 'दुखते आहे, म्हणून नस आहे' हा अक्काचा होता, आणि तोच बरोबर होता.

शंका तपासण्याचा मार्ग सोपा आहे. एकेका दाताला रबराच्या पडद्याने वेगळे करायचे आणि त्यावर सोसवेल इतके गरम पाणी सोडायचे. मागची दाढ झाली, पुढची उपदाढ झाली. अक्का शांत होती. कॅप असलेल्या दाढेवर पाणी पडून काही क्षण गेले आणि तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. ''हीच ती,'' ती म्हणाली.

मी तिला पुण्याला एका रूट कॅनल तज्ज्ञाकडे पाठवले. तिथे त्या दाढेचे त्रिमितीय स्कॅन झाले, ज्याला सीबीसीटी म्हणतात. साधा एक्स-रे म्हणजे सावली. एकामागे एक उभ्या असलेल्या दोन माणसांची सावली एकच पडते, तसे एकाच मुळातल्या पुढच्या-मागच्या दोन नळ्या एक्स-रेत एकच दिसतात. स्कॅनमध्ये दाढेचे आडवे काप पाहता येतात. गालाकडच्या पुढच्या मुळात, मी भरलेल्या नळीच्या टाळूकडच्या बाजूला, साधारण दोन मिलिमीटरवर एक काळा ठिपका दिसत होता. चौथी नळी.

वरच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या या मुळात दोन नळ्या असणे हा अपवाद नव्हे. निम्म्याहून अधिक दाढांत त्या सापडतात. मला हे ठाऊक होते आणि मी शोधही घेतला होता, पण नुसत्या डोळ्यांनी आणि साध्या दिव्याखाली. तिच्या तोंडावर बहुधा दाताच्याच थराची झडप आलेली असते. ती खरवडून काढल्याशिवाय नळी दिसत नाही, आणि वृद्धांच्या दाढेत ती झडप अधिकच जाड असते. शिवाय तीन नळ्या सापडल्यावर माझा शोध संपला होता.

त्या तज्ज्ञ बाईंनी कॅप न काढता तिच्या माथ्यावरून छिद्र पाडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली, कंप पावणाऱ्या बारीक टोकाने, तो थर कणाकणाने खरवडला. मी शेजारी उभा होतो. अर्ध्या तासाने एक फिकट ठिपका दिसला. त्यात आठ नंबरची, म्हणजे 0.08 मिलिमीटर टोकाची फाइल टेकवताच अक्का भूल दिलेली असूनही दचकली. फाइलच्या टोकाला रक्ताचा ठिपका होता. ती मज्जा पाच महिने जिवंत होती, सुजलेली होती. ही नळी शेजारच्या नळीला कुठेही न मिळता स्वतंत्र छिद्राने मुळाबाहेर पडत होती, म्हणून तिचा रक्तपुरवठा टिकला होता. आणि मज्जा मेलेली नसल्याने हाडात संसर्ग उतरला नव्हता. माझे एक्स-रे इतके निर्मळ दिसत होते ते त्यामुळेच. आणखी भूल देऊन ती नळी साफ करून भरली. दुसऱ्या दिवशी अक्काने चहा प्यायला आणि फोनवर फक्त इतकेच म्हणाली, ''गेली.'' चावताना दुखणे मात्र आणखी तीन आठवडे हळूहळू कमी होत गेले, कारण बाहेरच्या थराला बरे व्हायला आपला वेळ लागतोच.

प्रत्येक रेंगाळणारे दुखणे चौथ्या नळीचेच असते, असे कृपया समजू नका. आधी तरी हे पाहावे, की दुखणे उतरत आहे का. दहा दिवसांनीही ते पहिल्यासारखेच असेल, किंवा थांबून पुन्हा आले असेल, तर परत तपासून घेणे हा तुमचा हक्क आहे. हिरडीवर पुन्हा पुन्हा पुटकुळी येऊन फुटत असेल, तर आत संसर्ग आहे. दुखत नसले तरी. एकाच जागी चावल्यावर तीक्ष्ण सणक येत असेल आणि त्याच जागी हिरडीत अरुंद, खोल खळगा सापडला, तर मूळ उभे चिरलेले असू शकते. ती दाढ मात्र सहसा वाचत नाही, आणि तिच्यावर पुन्हा पुन्हा खर्च करण्यात अर्थ नसतो. सर्दीनंतर वरच्या दोन-तीन दाढा एकदम दुखत असतील आणि वाकल्यावर दुखणे वाढत असेल, तर दोष गालाच्या हाडातल्या सायनसचा असतो. चेहऱ्याला नुसता वारा लागल्यावर विजेचा झटका बसावा तशी क्षणिक कळ येत असेल, तर ती चेहऱ्याच्या मज्जातंतूची व्याधी असू शकते. अशा रुग्णांचे निरोगी दात उपटले गेलेले मी पाहिले आहेत. आणि जिना चढताना जबडा दुखू लागतो व बसल्यावर थांबतो असे कोणी ज्येष्ठ सांगत असेल, तर दंतवैद्याकडे नव्हे, हृदयाच्या डॉक्टरांकडे तातडीने न्या.

रुग्णाची काळजी घेणाऱ्यांनी दवाखान्यात जाताना नुसते 'यांचे दात दुखतात' असे सांगू नये. गरमाने की गाराने, चावल्यावर की आपोआप, किती वेळ टिकते आणि रात्री उठवते का, या चार प्रश्नांची आठवड्याभराची नोंद बरोबर असेल, तर माझ्यासारख्या डॉक्टरालाही चुकायला जागा कमी उरते. वृद्ध माणसे दुखणे कमी सांगतात. ती खाण्याची बाजू बदलतात, चहा कोमट करतात, भाकरी सोडून भात मागतात. दुखण्याच्या आधी हे बदल घरातल्यांना दिसतात.

या गोष्टीला आता तीन वर्षे झाली. वर्षाने आणि पुन्हा दोन वर्षांनी काढलेल्या एक्स-रेत चार पांढऱ्या रेघा दिसतात; त्यांतल्या दोन वेगळ्या दिसाव्यात म्हणून नळी थोडी तिरकी धरून काढलेले ते एक्स-रे आहेत. मागच्या महिन्यात वाईला गेलो, तेव्हा भाचेसुनेने ती दिनदर्शिकेची पाने अजून कपाटात ठेवलेली दाखवली. अक्का ओट्याशी उभी राहून कपातला चहा फुंकर न घालता पीत होती, आणि मला म्हणाली, ''तुला दे का? गरम आहे हं.''